पन्नाशीतली पहिली भेट

घटस्फोटाचा निकाल हातात पडून दोन-तीन वर्षं झालेली असतात. मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली किंवा कमावती झालेली. कोर्टाच्या तारखा संपल्या, नातेवाइकांचे प्रश्नही थकले. अशा वेळी एखादी मैत्रीण सहज म्हणून जाते, "अगं, भेट की कुणाला तरी. चहा प्यायला काय जातंय?" आणि मनात पहिला विचार येतो, तो त्या न भेटलेल्या माणसाचा नसतो. तो स्वतःच्या सुटलेल्या पोटाचा असतो.

चहा जमेल, गप्पाही जमतील, पण पुढे? नव्या माणसाच्या जवळ जायची वेळ आली तर? वीस-पंचवीस वर्षं एकाच माणसासमोर उघडं झालेलं शरीर आता दुसऱ्यासमोर न्यायचं, तेही टाके, सैल कातडी, पाळी जायच्या काळातले त्रास आणि आटलेला आत्मविश्वास घेऊन. यावर मैत्रिणींच्या कट्ट्यावरही फारसं कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पुरुषांच्या कट्ट्यावर तर विषय विनोदावारी जातो. म्हणून हा लेख त्या 'पुढे'बद्दलच आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवू. ते काल्पनिक आहे, पण कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ओळखीचं आहे. ती ४९ वर्षांची, ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी. बावीस वर्षांचा संसार परस्पर संमतीने संपला. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं दुसरं सिझर. लग्नाच्या वेळेपेक्षा वजन १६ किलोंनी वाढलेलं. शेवटची पाळी येऊन आठ महिने झालेत. संसाराच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत दोघांच्या खोल्या वेगळ्याच होत्या, आणि भांडणात नवऱ्याने एकदा फेकलेलं "जरा आरशात बघ स्वतःकडे" हे वाक्य अजून कपडे बदलताना तिच्या कानात वाजतं. तो ५५ वर्षांचा. पत्नी जाऊन चार वर्षं झालीत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुनर्विवाहाच्या एका मेळाव्यात दोघांची ओळख झाली आहे.

तुलना नेमकी कुणाशी?

लांबलचक लग्नात शरीर हळूहळू बदलतं आणि ते बदलताना बघणारा माणूस तोच असतो. त्याच्याजवळ आपल्या पंचविशीतल्या शरीराची आठवण असते. नातं बिघडलं की ती आठवण मोजपट्टी होते: आधी कशी होतीस, आता कशी झालीस. लग्न मोडतं, पण मोजपट्टी आपल्या हातात राहते. नव्या माणसाला भेटायला जाताना आपण ती सोबत घेऊन जातो आणि तोही तिनेच आपल्याला मोजणार, असं गृहीत धरतो.

त्याच्याकडे मात्र ती नसतेच. त्याने तिला पंचविशीत पाहिलेलं नाही. त्याला दिसते ती आजची ४९ वर्षांची बाई, आणि तीही मेळाव्यात, सगळ्या कपड्यानिशी, चालता-बोलताना बघून त्याने जिच्याशी पुन्हा बोलावंसं ठरवलं ती बाई. पोटाचा घेर, दंड, कमरेची जाडी यांतलं बहुतेक त्याला पहिल्या दिवशीच दिसलेलं असतं. कपडे उतरल्यावर नव्याने कळण्यासारखं फारच थोडं उरतं: सिझरचा व्रण, पोटावरचे पांढुरके चट्टे, स्तनांची ढळलेली ठेवण. तीही गोष्ट एकतर्फी नाही. पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचीही ढेरी असते, छातीवरचे केस पिकलेले असतात आणि तोही बनियन काढायला कचरत असतो.

म्हणून पहिली काळजी घ्यायची ती फोटोची. विवाहसंस्थेच्या फॉर्मवर किंवा मोबाईलवरच्या अ‍ॅपवर लावायला तिने जो फोटो काढून ठेवला होता, तो भाचीच्या लग्नातला, आठ वर्षांपूर्वीचा. पैठणी, नथ, वर्षातून एकदाच होतो तसा मेकअप. आणि कातरलेल्या कडेशी खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात. असा फोटो लावला की पहिल्या भेटीची पहिली पाच मिनिटं वाया जातात. समोरचा माणूस फोटोतल्या बाईला शोधत असतो आणि आपल्याला ते कळत असतं. त्यापेक्षा गेल्या सहा महिन्यांतले दोन फोटो लावावेत, दिवसाच्या उजेडातले, त्यातला एक पायापासून डोक्यापर्यंतचा. ज्याला तसं शरीर चालणार नाही, तो फोटोवरच थांबेल, आणि ते नुकसान नाही. जो येईल तो बघून आलेला असेल. भेटीला जायची साधी गोष्टही अशीच: आज अंगावर नीट बसणारा एक ड्रेस किंवा एक ब्लाउज नवीन शिवून घ्यावा. दर दोन मिनिटांनी कुडता खाली ओढणारी बाई समोरच्याला पोटाची आठवण स्वतःच करून देते.

पाळी जाताना आत काय घडतं

बाहेरून दिसणाऱ्या शरीराची लाज एका बाजूला आणि आतून होणारा त्रास दुसऱ्या बाजूला. नव्या नात्यात जास्त घोटाळा दुसऱ्यामुळे होतो, कारण त्याचं कारण माहीत नसतं. दुखलं, कोरडं पडलं, की बाई समजते 'माझ्यात आता काही राहिलं नाही' आणि पुरुष समजतो 'हिला मी आवडत नाही'. दोघंही चुकत असतात.

भारतात पाळी कायमची जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं अलीकडे. त्या सुमारास बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन घटतं. योनीचं अस्तर जाड, लवचिक आणि ओलसर ठेवण्याचं काम या संप्रेरकाचं असतं. ते कमी झालं की अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा घटतो आणि ओल यायला वेळ लागतो. शिवाय निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, आम्लता टिकवून जंतुसंसर्ग रोखत असतात. अस्तरातली त्यांची शिदोरी आटली की त्यांची संख्या घटते, आम्लता कमी होते, आणि आग होणं, खाज, वारंवार लघवीला जावं लागणं, लघवीचा संसर्ग ही मालिका सुरू होते. हॉट फ्लशेस, म्हणजे अंगातून एकदम उकाडा येणं, हा त्रास बहुतेकींना काही वर्षांनी कमी होतो. योनीचा कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय आपोआप बरा होत नाही, उलट वाढत जातो. 'जाईल हळूहळू' म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो तो याचसाठी.

आपल्या उदाहरणातल्या बाईला गेल्या पाच-सहा वर्षांत संबंधच आलेला नाही, त्यामुळे तिला हा बदल झालाय हे ठाऊकही नसू शकतं. ते पहिल्यांदा नव्या माणसाच्या बिछान्यात कळावं, ही सगळ्यात वाईट वेळ. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आधी जावं, आणि तिथे "जरा कोरडेपणा वाटतो" एवढं म्हणून थांबू नये. बऱ्याच डॉक्टर घटस्फोटित बाईला लैंगिक संबंधांबद्दल स्वतःहून विचारत नाहीत. "मी पुन्हा नातं सुरू करतेय, आणि दुखेल अशी भीती वाटते," हे वाक्य आपणच म्हणावं लागतं.

उपचार तीन पायऱ्यांचे असतात. पहिली पायरी मॉइश्चरायझरची. योनीसाठी बनवलेलं मॉइश्चरायझर दर दोन-तीन दिवसांनी लावायचं असतं, संबंध असो वा नसो. दुसरी पायरी वंगणाची. हे संबंधाच्या वेळी वापरायचं. पाण्यावर आधारलेलं वंगण सहज धुतलं जातं, पण लवकर सुकतं, म्हणून पुन्हा लावावं लागतं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं. सुवासिक किंवा 'गरम करणारं' असं लिहिलेलं टाळावं, पातळ अस्तराला त्याची आग होते. आपल्याकडे घरोघरी खोबरेल तेल हाताशी असतं आणि अनेकजणी तेच वापरतात. निरोध वापरायचा असेल तर ते चालत नाही, कारण तेलाने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. साबण आणि सुगंधी वॉश यांनीही कोरडेपणा वाढतो; तिथे साधं पाणी पुरतं.

एवढ्याने भागलं नाही तर तिसरी पायरी, योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन. ते क्रीम किंवा गोळीच्या रूपात मिळतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं असतं. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, अशी पद्धत असते. त्यातलं फारच थोडं रक्तात जातं, पण स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञाशी बोलणं आवश्यक असतं. मुख्य मुद्दा वेळेचा आहे. अस्तर पुन्हा जाड व्हायला आठवडे लागतात. पूर्ण फरक पडायला आठ ते बारा आठवडे धरावेत. म्हणजे पुढच्या महिन्यात लोणावळ्याला जायचं ठरलं म्हणून आदल्या आठवड्यात क्रीम सुरू करून उपयोग नाही. मेळाव्याचा फॉर्म भरला त्याच महिन्यात डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

एक गोष्ट हमखास चुकते. आधी एकदा-दोनदा दुखलेलं असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढच्या वेळी स्पर्शाआधीच आवळले जातात. डोळ्यापाशी बोट आलं की पापणी मिटते तसं ते नकळत होतं. अशा बाईला कुणीतरी स्नायू आवळण्याचे व्यायाम, म्हणजे कीगल करायला सांगतं. स्नायू ढिले पडल्यामुळे खोकताना लघवी निसटत असेल तर ते व्यायाम योग्य आहेत. पण दुखणं आवळण्यामुळे असेल तर त्यांनी ते वाढतं. तिथे शिकायचं असतं ते सैल सोडणं. मोठ्या शहरांत या कामाच्या प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आता भेटतात.

घटस्फोटाच्या काळात नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर त्यांचाही हिशेब धरावा लागतो. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी इच्छा मंदावते आणि परमोच्च सुखाला वेळ लागतो किंवा ते येतच नाही, बायकांना आणि पुरुषांनाही. त्या मनाने बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं तर मात्रा किंवा गोळी बदलता येते.

त्याच्या बाजूने पाहिलं तर

पुरुषाची भीती एकाच गोष्टीभोवती फिरते: ऐनवेळी ताठरता येईल का, आणि टिकेल का. आपल्या उदाहरणातल्या पुरुषाकडे भीतीला कारण आहे. मधुमेह वर्षानुवर्षं असला की बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात, आणि ताठरता या दोन्हींवर अवलंबून असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही परिणाम होतो. त्यात चार वर्षांचा खंड आणि दिवंगत पत्नीबद्दलची, आपण तिला फसवतोय की काय अशी बोच. पहिल्यांदा नव्या बाईच्या जवळ जाताना विधुरांची फजिती होते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी तीच धास्ती आडवी येते.

कारण शरीरात आहे की मनात, याचा अंदाज घरच्या घरी बांधता येतो. पहाटे जाग येताना ताठरता असते का, एकट्याने असताना येते का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि अडचण बहुधा धास्तीची आहे. दोन्हीकडे हळूहळू कमी होत गेली असेल तर डॉक्टरांकडे जावं, आणि फक्त गोळी मागायला नव्हे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आतून चोंदायला लागल्या की खूण आधी इथे दिसते आणि हृदयाचा त्रास त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी उद्भवू शकतो. पन्नाशीतल्या मधुमेही पुरुषाची ताठरता कमी होत असेल तर साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी व्हायलाच हवी.

सिल्डेनाफिल, म्हणजे लोक जिला 'निळी गोळी' म्हणतात ती, चिठ्ठीशिवाय आणून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती साधारण तासभर आधी घ्यायची असते, तेलकट-तुपकट जेवणावर घेतली तर उशिरा काम करते आणि मनात इच्छा नसेल तर काहीच करत नाही. पहिल्या वेळी 'चालली नाही' म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांनी ती हॉटेलातल्या भरपेट जेवणानंतर घेतलेली असते. मात्र छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट वर्गातली गोळी ज्यांच्या औषधांत आहे, त्यांनी ही गोळी अजिबात घ्यायची नाही. दोन्ही एकत्र झाल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.

आपणच आपले प्रेक्षक

उपचार सुरू झाले, तपासण्या झाल्या, तरी एक अडचण औषधाने सुटत नाही. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० साली ती नेमकी मांडली. संबंधाच्या वेळी माणूस स्पर्श अनुभवण्याऐवजी बाहेर उभं राहून स्वतःकडे बघू लागतो. ती विचार करत असते, 'या कुशीवर वळले तर पोट लोंबतं का? दिवा का नाही मालवला?' तो विचार करत असतो, 'अजून आहे ना? गेली का?' लक्ष परीक्षणात गुंतलं की शरीराचा प्रतिसाद थांबतो. तिला ओल येत नाही, त्याची ताठरता जाते, आणि दोघांनाही आपली भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

त्यांनी सुचवलेला उपाय आजही सगळीकडे वापरला जातो. काही दिवस संभोग करायचाच नाही, असं दोघांनी आधी ठरवायचं. सुरुवातीला फक्त स्पर्श: पाठ, हात, केस, पाय, स्तन आणि जननेंद्रियं वगळून. एकाने द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा, मग अदलाबदल. घेणाऱ्याचं काम एवढंच, की काय आवडतं आणि काय नको ते सांगायचं. काही भेटींनंतर वगळलेले भागही त्यात घ्यायचे, आणि संभोग सगळ्यात शेवटी. हा उपाय मुळात विवाहित जोडप्यांसाठी होता, पण नव्याने भेटणाऱ्या पन्नाशीतल्या दोघांना तो जास्तच सोयीचा आहे. 'आज इतकंच' असं आधी ठरलं की परीक्षाच रद्द होते. तिला दुखण्याची धास्ती नाही, त्याला काही टिकवून दाखवायचं नाही.

सिझर झालेल्या पोटाला इथे वेगळी जागा द्यावी लागते. टाक्यांच्या वरच्या भागातली कातडी वर्षानुवर्षं बधिर राहू शकते, कारण तिथले बारीक मज्जातंतू कापले गेलेले असतात. काहीजणींना नेमकं उलट, हात लागला की विचित्र झिणझिण्या येतात. नव्या माणसाचा हात तिथे गेला आणि ती दचकली, तर तो समजतो तिला स्पर्शच नकोय. म्हणून आधी स्वतःच्या बोटांनी त्या रेघेवरून फिरून बघावं: कुठे कळतं, कुठे नाही, कुठे नको वाटतं. मग त्याचा हात धरून दाखवता येतं, "इथे मला काही कळत नाही, इथे चालेल." व्रण लपवायला पोटावर ओढलेली चादर मग लागत नाही.

इच्छेबद्दलही एक गैरसमज असतो. आधी इच्छा आणि मग स्पर्श, हाच क्रम खरा, असं आपल्याला वाटतं. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली दाखवून दिलं, की लांबच्या नात्यातल्या बऱ्याच बायकांमध्ये क्रम उलटा असतो: जवळीक आणि स्पर्श आवडू लागला की मग इच्छा जागी होते. संसाराच्या शेवटच्या वर्षांत जिला 'तू थंड आहेस' असं ऐकावं लागलं, तिच्या बाबतीत बहुधा इच्छा नव्हती असं नाही, तर तिच्या आधीचं पाऊलच घरात उरलेलं नव्हतं.

सांगायचं कधी, कसं

या सगळ्यातलं काही समोरच्याला सांगावं लागतंच. पहिल्या चहाला ते नको. आणि कपडे उतरल्यावर तर नकोच, तेव्हा प्रत्येक वाक्य तक्रारीसारखं ऐकू येतं. योग्य वेळ मधली. चार-सहा भेटी झाल्यात, हातात हात आलाय, पुढे जायची दोघांची इच्छा दिसतेय, अशा वेळी फिरता-फिरता किंवा फोनवर. शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. वाक्यं दोन-तीनच असावीत, माफी मागितल्यासारखी नसावीत आणि पुढे काय करायचं ते त्यात असावं.

"एक सांगायचंय तुम्हाला," ती म्हणू शकते. "पाळी जायच्या बेतात आहे, त्यामुळे मला दुखू शकतं. उपचार चालू आहेत. आपण घाई नको करूया. मी थांबा म्हटलं तर थांबायचं."

आणि तो, "माझ्या शुगरमुळे दर वेळी जमेलच असं नाही. नाही जमलं तर त्याचं कारण तुम्ही आहात असं मनात आणू नका."

दुसरं वाक्य न बोलण्यामुळे जेवढी नाती पहिल्याच रात्री विस्कटतात, तेवढी ताठरता न येण्यामुळे विस्कटत नाहीत. तो गप्प कूस बदलून झोपतो आणि ती रात्रभर छताकडे बघत आपल्या पोटाला दोष देत राहते. 'निरामय कामजीवन' लिहिणारे डॉ. विठ्ठल प्रभू आणि त्यांच्याही आधी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांच्यामुळे या विषयाचे नेमके शब्द मराठीत केव्हाच येऊन बसलेत. समोरासमोर ते उच्चारताना जीभ अडत असेल तर निरोपाने लिहून पाठवावं. त्यात कमीपणा नाही.

तपासणी आणि निरोध

'आता या वयात कसलं आलंय गरोदर राहणं' हे वाक्य इथे धोक्याचं आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली असं धरतात. आपल्या उदाहरणात आठच महिने झालेत, म्हणजे मध्येच एखादं बीज बाहेर पडू शकतं. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावं, असा सल्ला डॉक्टर देतात.

निरोधाचं दुसरं कारण संसर्गाचं. संसारात असताना निरोध फक्त मूल नको म्हणून वापरला, त्यामुळे ते कारण संपलं की निरोधही संपला, असं पन्नाशीच्या पुढे अनेकांना वाटतं. पातळ झालेल्या अस्तराला बारीक चिरा लवकर पडतात आणि त्यांतून जंतू सहज शिरतात, म्हणजे या वयात गरज उलट वाढलेली असते. नव्या नात्याआधी दोघांनी एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ बी यांच्या रक्ततपासण्या कराव्यात. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते, समुपदेशनही मिळतं आणि नाव गुप्त राहतं. संसर्ग झाल्यावर लगेच तो रक्तात दिसत नाही, म्हणून अलीकडे दुसऱ्या कुणाशी संबंध आला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. बाईने याच फेरीत पॅप स्मिअरही उरकून घ्यावी. ज्या पुरुषांची ताठरता निरोध चढवताना जाते, त्यांनी एकट्याने चार-दोन वेळा सराव केला तर पुष्कळदा भागतं.

एक खूण मात्र अंगावर काढायची नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर, संबंधानंतर का होईना, रक्ताचा डाग दिसला, तर तो कोरडेपणाचाच असेल असं स्वतः ठरवू नये. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते.

अडचण शरीराची की माणसाची?

उपचारांनी दुखणं कमी होतं, पण समोरचा माणूस बदलत नाही. आत्मविश्वास आधीच हललेला असला की बाई प्रत्येक बिघाडाचं खापर स्वतःच्या शरीरावर फोडते आणि नको त्या माणसालाही सूट देत राहते. दोन्ही वेगळं ओळखायच्या खुणा साध्या आहेत. "दुखतंय" म्हटल्यावर तो थांबतो की "थोडंच राहिलंय" म्हणतो? निरोधाचं नाव काढल्यावर दुकानात जातो की "माझ्यावर विश्वास नाही का" विचारतो? वजनावर 'चेष्टेत' टोमणा मारतो का? दर वेळी दुखणं वेगवेगळ्या कारणांनी होत असेल तर तो वैद्यकीय प्रश्न. पण एकटीने असताना, किंवा त्याने सावकाश घेतलं तेव्हा त्रास नव्हता आणि घाई केली की होतो, तर अडचण योनीच्या अस्तरात नाही.

हाच हललेला आत्मविश्वास भामट्यांच्याही कामाचा असतो. कधी प्रत्यक्ष न भेटलेला, व्हिडिओ कॉल टाळणारा आणि दोन आठवड्यांत 'तुझ्यासारखी सुंदर बाई पाहिली नाही' म्हणणारा माणूस पैशांचा विषय काढू लागला, किंवा उघडे फोटो मागू लागला, तर तिथेच थांबावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त.

आपल्या उदाहरणातल्या दोघांचं पुढे काय होईल, ते सांगता येत नाही. तीन महिन्यांच्या उपचारांनंतर तिचं दुखणं थांबलेलं असेल, त्याची साखर आटोक्यात आलेली असेल, आणि तरीही मुलांचा विरोध, घर कुणाच्या नावावर, सकाळी किती वाजता उठायचं यावरून त्यांचं जुळणार नाही, असंही होईल. मात्र ते मोडलं तर कशामुळे मोडलं हे तिला माहीत असेल, आणि पुढच्या माणसाला भेटायला जाताना ती मोजपट्टी घरी ठेवून निघेल.